नववीच्या गणिताच्या चाचण्या: गुण अचानक घसरले की शीटमध्ये लाल व्हायला हवं (प्रकल्प नोंदी)

साखळीला माझी नववीची गणिताची शिकवणी आहे. मुलं २६, दर शनिवारी २५ गुणांची चाचणी, एका आठवड्याला बीजगणित आणि पुढच्याला भूमिती. कोणाचे गुण कमी झाले हे कोणीही सांगेल. मला हवं होतं ते वेगळं: या मुलाच्या नेहमीच्या चढउतारात न बसणारी घसरण कोणती, हे शीटने मूल-निहाय सांगावं. कारखान्यात मालाच्या मापावर नियंत्रण मर्यादा लावतात, त्याच प्रत्येक मुलाच्या मागच्या गुणांवर लावून बघितल्या. कोणाला आपल्या वर्गासाठी हेच करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून नोंदी जशाच्या तशा ठेवते. नावं नाहीत, फक्त हजेरी क्रमांक.

१३ सप्टेंबर

चतुर्थीच्या सुट्टीनंतरची पहिली चाचणी, अनुक्रमाने दहावी. आधीच्या नऊ चाचण्यांचे गुण शीटमध्ये भरलेले होतेच.

पहिली मांडणी अगदी सरळ केली. मुलाच्या ओळीतल्या सगळ्या गुणांची सरासरी काढायची, `STDEV` म्हणजे गुणांचं प्रमाण विचलन काढायचं, सरासरीतून त्याची तिप्पट वजा करायची आणि नवा गुण त्याखाली गेला की घर लाल. आजचा पेपर मुलांना जड गेला हे तपासतानाच कळलं होतं, तरी एकही घर लाल झालं नाही.

१७ क्रमांकाची मुलगी घ्या. तिचे नऊ गुण असे: १९, २१, १८, २०, २२, १९, २०, १८, २१. आज ११. इतकी सरळ चालणारी मुलगी ११ वर आली आणि शीट गप्प! मर्यादा बघितली तर ९.७ निघाली. मग गंमत म्हणून ११ च्या जागी ० टाकला. मर्यादा उणे १.४ झाली. म्हणजे मुलीला भोपळा मिळाला असता तरी शीटच्या मते सगळं ठीकच.

कारण असं की नवा गुण स्वतःच्याच मोजमापात शिरतो. तो जितका खाली जाईल तितकी सरासरी खाली ओढतो आणि विचलन फुगवतो, म्हणजे मर्यादा त्याच्या पुढे पुढे पळते. ही निव्वळ माझ्या आकड्यांची करामत नाही. n गुणांमध्ये कोणताही एक गुण सरासरीपासून जास्तीत जास्त (n−1)/√n विचलनं इतकाच लांब जाऊ शकतो. n दहा असेल तर हे उत्तर २.८५ येतं. तेव्हा दहा किंवा त्याहून कमी चाचण्यांच्या ओळीत, नवी चाचणी धरून तिप्पट विचलनाची मर्यादा लावली, तर ती ओलांडणं गणितानेच अशक्य आहे. अशी शीट पहिल्या दहा चाचण्या शांतच राहील आणि आपण समजू की मुलं व्यवस्थित चालली आहेत. कोणतीही मांडणी केली की एका ओळीत शून्य टाकून बघायचं, ही तपासणी मी आता आधी करते.

१४ सप्टेंबर

दुरुस्ती दोन ठिकाणी केली. मर्यादा फक्त आधीच्या नऊ गुणांवरून काढायच्या, नवा गुण बाहेर ठेवून. आणि विचलनाऐवजी लागोपाठच्या दोन चाचण्यांमधला फरक धरायचा, चिन्ह सोडून. १७ क्रमांकाचे हे फरक २, ३, २, २, ३, १, २, ३ असे येतात, सरासरी २.२५. तिला २.६६ ने गुणायचं आणि येणारं अंतर सरासरीतून वजा करायचं.

२.६६ हा आकडा ३ भागिले १.१२८ मधून येतो. दोन-दोन निरीक्षणांमधल्या सरासरी फरकाला १.१२८ ने भागलं की विचलनाचा अंदाज मिळतो आणि आपल्याला त्याची तिप्पट हवी असते. लागोपाठचे फरक घेण्याचा फायदा असा की जुन्या गुणांत एखादा भलताच गुण लपलेला असला तरी तो दोनच फरकांना बिघडवतो, आणि `STDEV` इतकी मर्यादा फुगत नाही.

१७ क्रमांकाची सरासरी १९.७८, अंतर ५.९९, खालची मर्यादा १३.७९. मिळालेले ११. घर लाल झालं. वरची मर्यादा २५.७६ आली. चाचणीच २५ गुणांची, म्हणून ती मी काढून टाकली. मला फक्त घसरण बघायची आहे.

तिच्याबरोबर आणखी १० घरं लाल झाली. २६ पैकी ११.

१६ सप्टेंबर

अकरा मुलं एकाच शनिवारी बिघडत नाहीत, पेपर जड होता. वर्गाचा मध्यक एरवी १५ च्या आसपास असतो, या वेळी ८. भूमितीच्या सिद्धता जास्त घातल्या होत्या आणि सुट्टीत मुलांनी वही उघडलेली नव्हती, असं दोन्ही असेल. कारण काहीही असो, ते पेपरचं आहे. एकेका मुलाला त्यासाठी लाल करण्यात अर्थ नाही.

आता मुलाचा गुण न घेता, त्याचा गुण उणे त्या चाचणीचा वर्गाचा मध्यक, हा फरक घेते. सरासरीऐवजी मध्यक घेतला, कारण दोन-तीन मुलं फारच खाली गेली तर सरासरी त्यांच्याबरोबर खाली येते आणि त्यांचीच घसरण झाकते.

मागच्या नऊ चाचण्यांचे मध्यक: १५, १६, १३, १६, १६, १४, १६, १४, १५. हे वजा केल्यावर १७ क्रमांकाची ओळ अशी झाली: ४, ५, ५, ४, ६, ५, ४, ४, ६. लागोपाठचा सरासरी फरक २.२५ वरून थेट १ वर आला. तिच्या गुणांतला निम्म्याहून अधिक चढउतार तिचा नव्हताच, पेपरच्या सोप्या-कठीणपणाचा होता. सरासरी ४.७८, मर्यादा २.१२. परवाचा फरक ११ उणे ८, म्हणजे ३. लाल नाही.

शीटची रचना अशी. `Gun` पानावर गुण, ओळ २ मध्ये मध्यक, मुलं ओळ ४ ते २९. `Farak` पानावर:

```
=IF(Gun!B4="","",Gun!B4-Gun!B$2)
```

आणि त्याच पानावर `AL`, `AM`, `AN` स्तंभांत सरासरी, लागोपाठचा सरासरी फरक आणि खालची मर्यादा:

```
=AVERAGE(B4:J4)
=SUMPRODUCT(ABS(C4:J4-B4:I4))/8
=AL4-2.66*AM4
```

गैरहजर मुलाच्या ओळीत यामुळे `#VALUE!` येतं. ते येऊ दिलं, कारण गैरहजेरी ० धरून शांतपणे चुकीचा आकडा देणाऱ्या शीटपेक्षा ओरडणारी शीट परवडली. अशा मुलांचे हजर दिवसांचेच फरक एकमेकांजवळ ओढून वेगळ्या ओळीत मांडले आणि ८ च्या जागी त्यांच्या फरकांची संख्या घातली.

अकरा लाल घरांपैकी एकच उरलं. ते नेमकं २ क्रमांकाचं, वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाचं.

१७ सप्टेंबर

२ क्रमांकाची ओळ: ७, ७, ८, ७, ७, ७, ८, ८, ७. घड्याळच. लागोपाठचा सरासरी फरक ०.५, म्हणून मर्यादेपर्यंतचं अंतर जेमतेम १.३३ आणि मर्यादा ६.००३. परवा त्याला १३ मिळाले, फरक ५, म्हणून लाल. त्या जड पेपरात १३ हा वर्गातल्या पहिल्या काही गुणांपैकी एक होता.

याहून विचित्र पुढे आहे. एखादा पेपर सोपा निघून मध्यक १९ झाला, तर या मुलाने २५ पैकी २५ मिळवले तरी फरक ६ होतो, आणि ६ हा ६.००३ पेक्षा कमी आहे. पैकीच्या पैकी मिळवूनही मुलगा लाल!

इथे सूत्राची चूक नाही. नऊच चाचण्या, त्यातही पूर्ण गुणांत मोजलेल्या. इतक्या थोड्या आणि जाड्याभरड्या आकड्यांत फरक ०, १, ० असे येतात आणि मुलगा आहे त्याहून जास्त स्थिर दिसतो. खरी अनिश्चितता त्याच्यात नसली तरी माझ्या तपासण्यात असतेच. ती बघायला एक जुना गठ्ठा आधीचे गुण झाकून पुन्हा तपासला. बहुतेक पेपरांत एका गुणाचा इकडे-तिकडे फरक पडला. पायऱ्यांचे गुण द्यायचे म्हटलं की हे होणारच. एका गुणाचं विचलन नुसत्या तपासण्यातून येत असेल तर त्याच्या तिप्पट, म्हणजे ३ गुणांच्या आत काहीच लाल होता कामा नये.

```
=AL4-MAX(3,2.66*AM4)
```

२ क्रमांकाची मर्यादा आता ४.३३. परवाचा ५ त्याच्या वर राहतो. १७ क्रमांकाची मर्यादाही २.१२ वरून १.७८ वर गेली, तिच्या निकालात फरक नाही.

२० सप्टेंबर

अकरावी चाचणी, बीजगणित. मी पेपर मुद्दाम हलका काढला होता. मध्यक १९. दोन घरं लाल: ५ क्रमांक आणि २१ क्रमांक.

५ क्रमांकाचा मुलगा मधल्या फळीतला. नऊ गुण: १४, १६, १२, १७, १५, १३, १७, १३, १५. आज १३. नुसते गुण बघितले तर यात काहीच नाही, त्याची सरासरीच १४.६७ आहे आणि कच्च्या गुणांवरची मर्यादा ६.३५ येते. पण सगळा वर्ग वर गेला असताना तो होता तिथेच राहिला. मध्यकापासूनचे त्याचे फरक: उणे १, ०, उणे १, १, उणे १, उणे १, १, उणे १, ०. सरासरी उणे ०.३३, लागोपाठचा सरासरी फरक १.३७५, मर्यादा उणे ३.९९. आजचा फरक उणे ६.

आईला फोन करायच्या आधी पेपर काढला. पानांवरच्या गुणांची बेरीज बरोबर होती. शेवटच्या पानावर प्रश्न ५ अर्ध्यात तुटला होता आणि खाली त्याच्या अक्षरात ‘पुरवणी बघा’. पुरवणी जोडलेली नव्हती. सुतळी सुटून ती दुसऱ्याच मुलाच्या पेपरात गेली होती, न तपासता. तीत ६ गुण निघाले. एकूण १९, फरक ०.

तेव्हापासून लाल घर दिसलं की क्रम ठरला: पानांची बेरीज, पुरवणी, शीटमध्ये भरलेला आकडा, आणि हे सगळं ठीक असेल तरच मूल. मर्यादा ओलांडली जाणं म्हणजे नेहमीपेक्षा वेगळं काहीतरी घडलं एवढंच. ते मुलाच्या डोक्यात घडलं की माझ्या टेबलावर, ते शीटला माहीत नसतं.

२१ क्रमांकाचं कारण साधं होतं. बस चुकल्यामुळे ती अर्धा तास उशिरा आली आणि पेपर एका तासाचा. तिचा गुण शीटमध्ये तसाच ठेवला आणि शेजारी कारण लिहिलं. पुढे कधी मर्यादा नव्याने काढेन तेव्हा कारण माहीत असलेला हा गुण त्यातून वगळेन. कारण सापडलं नसतं तर वगळला नसता. नको असलेले गुण वगळत गेलं तर मर्यादा आपल्याला हव्या तशा अरुंद होत जातात.

२२ सप्टेंबर

विज्ञानाचे सर शीट बघायला आले होते. त्यांचं म्हणणं, ‘‘टीचर, तिप्पट कशाला? दुप्पट लावा, लवकर कळेल.’’

दुप्पट विचलनाला एका बाजूची खोटी हाक साधारण २.३ टक्के पडते. २६ मुलांवर ती प्रत्येक चाचणीला सरासरी ०.६ होते, म्हणजे काहीही झालेलं नसताना दोन शनिवारांत सरासरी एकदा तरी कोणाच्यातरी घरी उगाच फोन. तिपटीला हाच आकडा चाचणीला ०.०३५ येतो. अर्थात हे कागदावरचं. नऊ चाचण्यांवरून काढलेल्या मर्यादा स्वतःच डळमळीत असतात, त्यामुळे खऱ्या खोट्या हाका याहून जास्तच येणार. त्यात आणखी ढिलाई नको म्हणून तिप्पटच ठेवली. सरांना पटलं नाही. ते त्यांच्या विषयाला दुप्पट लावून बघणार आहेत.

२४ सप्टेंबर

कोण कधीच लाल होऊ शकत नाही, हे शोधायला प्रत्येकाच्या मर्यादेत १५ मिळवले. सर्वसाधारण पेपरात किती गुणांखाली ते मूल लाल होईल ते त्यातून कळतं. ९ क्रमांकाचं उत्तर उणे ९ च्याही खाली आलं. म्हणजे तो शून्य मिळवूनही कधी सापडणार नाही.

त्याची ओळ: उणे ६, ३, उणे ४, ५, उणे ७, २, उणे ५, ४, उणे ३. लागोपाठचा सरासरी फरक ८.६, अंतर २२.९. मी त्याला धरसोड करणारा मुलगा म्हणून सोडून देणार होते. मग ओळीवर बोट ठेवून वाचली. एक आड एक. विषम क्रमांकाच्या चाचण्या बीजगणिताच्या, सम क्रमांकाच्या भूमितीच्या. धरसोड कसली, हा मुलगा भूमितीत वर्गाच्या वर आणि बीजगणितात वर्गाच्या खूप खाली आहे, आणि दोन्हीकडे ठरल्यासारखा. दोन वेगळ्या गोष्टी एका ओळीत एकाआड एक भरल्या की लागोपाठचा प्रत्येक फरक त्या दोन गोष्टींमधलं अंतर मोजतो.

त्याच्या दोन ओळी केल्या. बीजगणित: सरासरी उणे ५, सरासरी फरक २.२५, मर्यादा उणे ११. भूमिती: सरासरी ३.५, सरासरी फरक २.३३, मर्यादा उणे २.७. आता भूमितीत तो मध्यकाच्या ३ गुण खाली गेला तरी कळेल. चार-पाच चाचण्यांवरच्या मर्यादा म्हणजे नुसता अंदाज, हे धरूनच त्याची घरं लालऐवजी पिवळी ठेवली आहेत. इतर मुलांच्या ओळींचेही आलेख काढून बघितले, इतका करवतीसारखा दुसरा कोणाचा नाही. वरच्या आकड्यातून त्याची बीजगणिताची अडचणही वर आली, जी मी एकूण सरासरीत कधी बघितली नव्हती. पण ते काम वेगळं.

२७ सप्टेंबर

बारावी चाचणी, भूमिती. लाल घर एकच, १२ क्रमांक. बेरीज बरोबर, पुरवणी नाही, शीटमधला आकडा बरोबर.

तिचे नऊ फरक: ३, ३, २, २, १, १, ०, ०, उणे १. मग दहाव्या-अकराव्या चाचणीला उणे १, उणे १ आणि आज उणे २. सरासरी १.२२, अंतर किमान ३ चं, मर्यादा उणे १.७८. उणे २ तिच्याखाली गेलं म्हणून लाल. पण मागच्या चाचणीपेक्षा ती एकाच गुणाने खाली आहे. ही अचानक घसरण नाही, जूनपासून एकेक पायरी उतरत आलेली मुलगी आहे आणि आज मर्यादेला लागली एवढंच. आई भेटायला आली तेव्हा तिने पहिलाच प्रश्न केला, ‘‘टीचर, या आठवड्यात काय झालं हिला?’’ या आठवड्यात काहीच झालेलं नव्हतं. आलेख पुढे ठेवला आणि जुलैपासून बोलायला सुरुवात केली.

शीटमध्ये `AP` स्तंभ वाढवला: मागच्या चाचणीपासूनचा बदल. घर लाल आणि हा बदलही ४ किंवा जास्त, तर अचानक घसरण. घर लाल पण बदल लहान, तर उतार. ४ हा आकडा त्याच किमान एका गुणाच्या विचलनावरून घेतला: लागोपाठच्या फरकाची वरची मर्यादा सरासरी फरकाच्या ३.२७ पट असते, आणि १.१२८ ला ३.२७ ने गुणलं की ३.७ येतात.

मर्यादा पहिल्या नऊ चाचण्यांवरच गोठवून ठेवण्याचं कारणही हीच मुलगी. दर आठवड्याला नवी चाचणी धरून मर्यादा काढत गेले असते, तर तिची मर्यादा तिच्याबरोबर खाली सरकत राहिली असती आणि ती आजही पांढरीच दिसली असती.

१८ ऑक्टोबर

दिवाळीआधीचा शनिवार. मुलगे नरकासुराच्या सांगाड्याला कागद चिकटवण्यात, हजर ११. मध्यक काढला तर २०, कारण आलेल्यांत बहुतेक पहिल्या बाकांवरच्या मुली. या मध्यकावर फरक काढले तर मधल्या फळीतली तीन मुलं लाल होतात. ती घसरलेली नाहीत, त्यांच्या खालची मुलं त्या दिवशी आलीच नव्हती.

ओळ २ मध्ये अट घातली. २६ पैकी १८ पेक्षा कमी हजर असतील तर मध्यक काढायचाच नाही, तो शनिवार सगळ्यांसाठी रिकामा:

```
=IF(COUNT(B4:B29)<18,"",MEDIAN(B4:B29))
```

हे घातल्यावर `Farak` पानावर त्या स्तंभात `#VALUE!` आला, म्हणून तिथलं सूत्रही बदललं:

```
=IF(OR(Gun!B4="",Gun!B$2=""),"",Gun!B4-Gun!B$2)
```

सुट्टीनंतर बीजगणित आणि भूमितीच्या आणखी चाचण्या झाल्या की सगळ्यांच्या दोन-दोन ओळी करणार, ९ क्रमांकाच्या केल्या तशा. तोवर मर्यादा पहिल्या नऊवरच.